कणकेत उणे तांबं

पान चार उघड आणि स्वतः लिहिलेली ओळ मोठ्यानं वाच. ‘गव्हाच्या पिठातील तांब्याचे प्रमाण ६.६३ ± ९.०६ पीपीएम.’ आता त्या ± चा अर्थ लाव. ६.६३ मधून ९.०६ वजा केलेस तर उणे २.४३ येतात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला बसलेला रसायनशास्त्राचा विद्यार्थी कणकेत उणे तांबं असू शकतं असं लिहितो, खाली सही करतो आणि ते माझ्या टेबलावर आणून ठेवतो. लिहिताना पेन एकदाही अडखळलं नाही, याचा मला जास्त राग आहे. आकडेमोड बरोबर आहे, मी तपासली. कॅल्क्युलेटरनं त्याचं काम केलं. तू तुझं केलं नाहीस.

रीडिंग्ज पुन्हा एकदा समोर मांड: ५.२८, ३.३७, ३.०३, ३.०३, २८.९५, ३.७७, ३.४०, २.२०. आठपैकी सात २.२० ते ५.२८ च्या दरम्यान आहेत. तुझी सरासरी ६.६३ आहे. त्या सातांपैकी एकही रीडिंग तिथवर पोचत नाही, आणि आठवं तर तिच्या चौपटीहून पुढे आहे. ज्या जागी एकही रीडिंग नाही, जिच्या आसपाससुद्धा एकही रीडिंग नाही, ती जागा तू ‘पिठातलं तांबं’ म्हणून जाहीर केलीस. प्रमाण विचलन काढण्याआधी हे आठ आकडे चढत्या क्रमानं नुसते लिहिले असतेस, तरी पुढचं सगळं टळलं असतं. आठ आकडे लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही.

हे आकडे मी मनानं रचलेले नाहीत. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या ॲनालिटिकल मेथड्स कमिटीनं १९८९ साली ‘द ॲनालिस्ट’ या नियतकालिकात एक लेख छापला. विषयच असा होता, की आउटलायर कसे काढून टाकू नयेत. त्यात सबंध गव्हाच्या पिठातल्या तांब्याची २४ रीडिंग्ज आहेत. पुढे ती आर भाषेच्या `MASS` या पॅकेजमध्ये `chem` नावानं आली. त्यातली तेरावं ते विसावं एवढीच मी तुला मुद्दाम दिली, कारण प्रयोगशाळेत २४ रीडिंग्ज कुणी हातात देत नाही. सहा मिळतात, आठ मिळतात, त्यातलं एखादं बिघडलेलं असतं, आणि त्यांच्याच जोरावर अहवालावर सही करायची असते.

आता पान पाच. इथे तू लिहितोस, ‘तीन-सिग्मा चाचणी केली. एकही आउटलायर आढळला नाही.’ चाचणी केलीस हे खरं. २८.९५ चं सरासरीपासून अंतर २२.३२, त्याला ९.०६ नं भागलंस, उत्तर २.४६. तीनपेक्षा कमी, म्हणून रीडिंग निर्दोष. ३.४ च्या आसपास गर्दी केलेल्या आकड्यांत २८.९५ निर्दोष ठरतं, आणि तुला त्या चाचणीचाच संशय येत नाही?

ऐक, कारण हे प्रमाण विचलन शिकवणाऱ्या बहुतेक तासांत राहून जातं. ज्या ९.०६ नं तू २८.९५ ला मोजलंस, ते ९.०६ २८.९५ नंच तयार केलेलं आहे. ते एक रीडिंग बाजूला ठेव आणि उरलेल्या सातांचं प्रमाण विचलन काढ. ०.९५ येतं. एका आकड्यानं ते जवळजवळ दसपट केलं, वर सरासरीही ३.४४ वरून ६.६३ पर्यंत स्वतःकडे ओढली. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच तू न्यायासनावर बसवलंस आणि निकाल त्याच्या बाजूनं लागला.

हे फक्त २८.९५ पुरतं घडलं असंही समजू नकोस. त्या जागी २८९५ लिही आणि गणित पुन्हा कर. भागाकार २.४७ च्या वर जाणार नाही. दोन लाख लिही, तरी जाणार नाही. रीडिंग जितकं दूर सरकतं, तितकी सरासरी त्याच्यामागे जाते आणि प्रमाण विचलनही त्याच प्रमाणात फुगतं. n रीडिंग्ज असतील तर हा भागाकार (n−१)/√n च्या पुढे कधीच जाऊ शकत नाही. आठ असतील तर कमाल मर्यादा २.४७, दहा असतील तर २.८५. अकराव्या रीडिंगला ती प्रथमच तीन ओलांडते, तीही जेमतेम, ३.०२. म्हणजे दहा किंवा त्याहून कमी रीडिंग्जवर तीन-सिग्मा चाचणी कुणालाच दोषी ठरवू शकत नाही, मग आकडा कितीही वेडावाकडा असो. तुझी चाचणी सुरू होण्याआधीच तिचा निकाल ठरलेला होता. ‘आउटलायर आढळला नाही’ असं लिहिण्याचा तुला अधिकारच नव्हता, कारण आढळण्याची शक्यताच नव्हती.

दुसरं नुकसान तुझ्या लक्षातही आलेलं नाही. ५.२८ कडे बघ. आठांत ते दुसऱ्या क्रमांकाचं मोठं रीडिंग आहे, बाकीच्यांपासून थोडं सुटलेलंही आहे, त्याच्याबद्दल प्रश्न पडायला हवा. पण तुझ्या गणितात ते सरासरीच्याही खाली जातं. २८.९५ च्या आड ते पूर्ण झाकलं गेलं. मोठी चूक लहान चुकीला अशी लपवते, म्हणून सगळ्यात मोठं पकडलं की काम संपलं असं कधी धरायचं नाही.

आता पान सहा, आणि इथे माझा आवाज चढला तर तो चढू दे. पान पाचवर एकही आउटलायर नाही असं लिहिणारा तू, पान सहावरच्या तक्त्यात सहाच रीडिंग्ज ठेवतोस. २८.९५ गायब, ५.२८ गायब. का काढली, कोणत्या कसोटीवर काढली, एक अक्षर नाही. खाली निकाल, ३.१३ ± ०.५३. हे कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर मी त्याला अप्रामाणिकपणा म्हटलं असतं, आणि तुलाही तेच म्हणते. रीडिंग काढणं हा गुन्हा नाही. काढून न सांगणं हा आहे.

काल तू म्हणालास, ‘मॅडम, ती दिसतातच ना वेगळी.’ मग २.२० चं काय? तेही शेजारच्या ३.०३ पासून लांब, एकटंच आहे. तुझ्या डोळ्याला ते वेगळं दिसलं नाही का? तेही काढ, उरलेल्या पाचांचं प्रमाण विचलन ०.३१ होतं. आठ ठेवलीस तर ९.०६, सात ठेवलीस तर ०.९५, सहा ठेवलीस तर ०.५३, पाच ठेवलीस तर ०.३१. यातलं पिठाबद्दल कोणतं आणि तुझ्या खोडरबरबद्दल कोणतं, हे वाचणाऱ्यानं कसं ओळखायचं? कडेची रीडिंग्ज काढत गेलं की पसारा कमी होणारच, त्यासाठी पिठात काही असावं लागत नाही.

मी वर्गात मध्यक केवल विचलन शिकवलं होतं, ज्याला सगळे मॅड म्हणतात. तुझ्या वहीत त्याची व्याख्याही आहे, तारीख घालून. वापरलं नाहीस. का, तर ‘परीक्षेला प्रमाण विचलनच येतं.’ तर आता माझ्यासमोर कर, हातानं.

आठ रीडिंग्ज चढत्या क्रमानं लाव: २.२०, ३.०३, ३.०३, ३.३७, ३.४०, ३.७७, ५.२८, २८.९५. चौथं आणि पाचवं यांची सरासरी म्हणजे मध्यक, ३.३८५. आता प्रत्येक रीडिंगचं या ३.३८५ पासूनचं अंतर काढ, अधिक-उणे चिन्ह सोडून दे, फक्त अंतर. मिळतात १.१८५, ०.३५५, ०.३५५, ०.०१५, ०.०१५, ०.३८५, १.८९५, २५.५६५. ही अंतरंही चढत्या क्रमानं लाव आणि त्यांचाही मध्यक काढ. चौथं ०.३५५, पाचवं ०.३८५, मधलं ०.३७. हेच मॅड. दोनदा क्रम लावला आणि दोनदा मधलं उचललं, वर्ग नाही, वर्गमूळ नाही.

२५.५६५ चं काय झालं ते बघ. ते आठव्या क्रमांकावर बसलं आणि तिथेच राहिलं. मूळ रीडिंग २८९५ असतं तरी त्याचं अंतर आठव्याच क्रमांकावर बसलं असतं आणि मॅड ०.३७ च राहिलं असतं. प्रमाण विचलनात अंतरांचा वर्ग होतो, त्यामुळे २५ एकक दूर असलेला आकडा सहाशेहून अधिक वजन घेऊन बेरजेत उतरतो. मॅडमध्ये त्याला एकच मत आहे, ‘मी वरच्या निम्म्यात आहे’ एवढं. आठांपैकी तीन रीडिंग्ज पूर्ण बिघडली तरी मध्यक आणि मॅड थोडे सरकतील, पण चांगल्या रीडिंग्जना सोडून पळणार नाहीत. चार बिघडली तर मात्र तेही कोसळतील, आणि मग तो दोष मोजमापाचा धरायचा नाही. निम्मी रीडिंग्ज खोटी असताना खरी निम्मी कोणती, हे कोणताच आकडा सांगू शकत नाही.

हे ०.३७ थेट प्रमाण विचलनाशेजारी ठेवायचं नाही. घंटाकृती वक्रात मधली निम्मी रीडिंग्ज मध्यापासून ०.६७४५ सिग्मा इतक्या अंतरात असतात, आणि मॅड मोजतं ते नेमकं हेच निम्म्यांचं अंतर. म्हणून त्याला ०.६७४५ नं भागायचं, म्हणजेच १.४८२६ नं गुणायचं. ०.३७ चे होतात ०.५५. आता मध्यक ३.३९ आणि पसारा ०.५५ असं लिहिता येतं, आणि आठही रीडिंग्ज तक्त्यात आहेत.

तू म्हणशील, सहा ठेवून माझंही ०.५३ च आलं होतं. आलं होतं. पण तिथवर यायला तुला दोन रीडिंग्ज फेकावी लागली आणि कोणती फेकायची ते तुझ्या डोळ्यानं ठरवलं. मॅडनं काहीही न फेकता तिथे आणून सोडलं. उद्या कुणी विचारलं ‘५.२८ का काढलंत?’, तर तुझ्याकडे उत्तर नाही. मॅड वापरलं असतंस तर तो प्रश्नच उभा राहिला नसता.

पूर्ण २४ घेऊन ताळा कर. सरासरी ४.२८, प्रमाण विचलन ५.३०. मध्यक ३.३८५, मॅडला १.४८२६ नं गुणून ०.५३. तू ज्या आठांत अडकला होतास त्यांचा मध्यक आणि २४ चा मध्यक तंतोतंत एकच निघाला. तेवढं नेमकं जुळणं हा योगायोग आहे, दर वेळी तसं होणार नाही. पण पसारा ०.५५ आणि ०.५३ इतका जवळ राहिला हे योगायोगापेक्षा जास्त आहे. दरम्यान तुझं प्रमाण विचलन ९.०६ वरून ५.३० वर आलं, आणि पीठ तेच होतं.

संगणकावर करणार असशील तर तेही नीट कर, कारण तिथे ‘मॅड’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी फिरतात. सरासरीपासूनच्या अंतरांची सरासरी हीसुद्धा इंग्रजी आद्याक्षरांनी मॅडच होते. एक्सेलमधलं `AVEDEV` ती देतं. तुझ्या आठ रीडिंग्जवर ते लावलंस तर ५.५८ येईल, ०.३७ नाही. पायथनच्या पांडाजमध्ये एक `mad()` होतं, तेही हेच सरासरीवालं, आवृत्ती २.० मध्ये ते काढून टाकलं गेलं. आरमधलं `mad()` मध्यकाचंच आहे, पण न विचारता १.४८२६ नं गुणून उत्तर देतं. `scipy.stats.median_abs_deviation` गुणत नाही. म्हणून माझ्या प्रयोगशाळेत तयार फंक्शनचं नाव सांगून सुटका नाही. व्याख्या टाइप कर:

```python
import numpy as np
x = np.array([5.28, 3.37, 3.03, 3.03, 28.95, 3.77, 3.40, 2.20])
m = np.median(x)
mad = np.median(np.abs(x - m))
s = 1.4826 * mad
print(m, mad, s)
print(np.abs(x - m) / s)
```

शेवटची ओळ बघ. २८.९५ साठी साधारण ४६.६ येतं. तुझ्या चाचणीनं २.४६ म्हणून सोडून दिलेलं रीडिंग ४६ पट दूर उभं आहे. ५.२८ साठी ३.४५ येतं. बोरिस इग्लेविझ आणि डेव्हिड होग्लिन यांनी १९९३ मध्ये ३.५ च्या पुढचं रीडिंग संशयित धरावं असं सुचवलं, आणि तोच आकडा बहुतेक जण वापरतात. म्हणजे ५.२८ आतच राहतं, पण केसभर. २४ रीडिंग्जवर हेच गणित केलं तर त्याच ५.२८ साठी ३.६० येतं, केसभर बाहेर. याचा अर्थ नीट समजून घे. ५.२८ सीमेवरचं रीडिंग आहे. त्याला आठ रीडिंग्जच्या आधारानं फेकायची तुझी घाई चुकीची होती, आणि ३.५ हा आकडाही कायदा समजून वापरायचा नाही. कमी रीडिंग्जवर मॅड सरासरीनं जरा कमीच येतं. आठांसाठी अजून सुमारे १.१३ नं गुणावं लागतं, आणि मग ५.२८ चा भागाकार ३.०६ वर येतो. तू ज्याला हद्दपार केलंस ते रीडिंग दुरुस्तीनंतर आणखी आत आलं.

आणि २८.९५? भागाकार ४६ आला म्हणून ते फेकायचं असंही नाही. २.८९५ लिहिताना दशांशचिन्ह सरकलं असावं असं वाटतं, मलाही वाटतं. वाटणं म्हणजे पुरावा नाही. ज्याचं रीडिंग आहे त्यानं मूळ नोंद बघायची, विरलनाचा गुणक बघायचा, नमुना दूषित झाला का बघायचं. पुरावा मिळाला तर दुरुस्त करायचं आणि दुरुस्त केलं असं लिहायचं. नाही मिळाला तर रीडिंग तक्त्यात राहतं, त्याच्यापुढे खूण राहते, आणि मध्यक व मॅड आपलं काम त्याच्यासकट करतात. कुठे बघायचं ते मॅड दाखवतं. पिठात तांबं जास्त होतं की नोंद करणाऱ्याचा हात चुकला, हे सांगणं त्याचं काम नाही.

आता उद्यापासून प्रत्येक जर्नलमध्ये मॅडच लिहिशील, मी ओळखते तुला. म्हणून आत्ताच सांगून ठेवते की हे फुकट मिळत नाही. रीडिंग्ज स्वच्छ असतील, खरोखर घंटाकृती वक्रातली असतील, तर मॅड त्यांच्यातली बरीच माहिती वाया घालवतं. त्याची कार्यक्षमता प्रमाण विचलनाच्या सुमारे ३७ टक्के आहे. म्हणजे प्रमाण विचलन दहा रीडिंग्जमध्ये जेवढी नेमकी किंमत देतं, तेवढी द्यायला मॅडला सत्तावीसच्या आसपास लागतात. आठ रीडिंग्जवरचं ०.५५ हेसुद्धा डळमळीतच आहे, तिसऱ्या दशांशापर्यंत लिहून त्याला खोटा नेमकेपणा द्यायचा नाही.

दुसरी अडचण तुला तागडीवर भेटेल. उपकरण एकाच दशांशापर्यंत दाखवत असेल आणि आठांपैकी पाच रीडिंग्ज हुबेहूब ३.४ आली, तर पाच अंतरं शून्य, त्यांचा मध्यक शून्य, मॅड शून्य. मग शून्यानं भागून बाकीची तिन्ही अनंत दूर ठरवू नकोस. निम्म्याहून जास्त रीडिंग्ज एकसारखी असली की मॅड वापरता येत नाही, तिथे उपकरणाचं विभेदन किती आहे हे आधी लिहायचं. आणि मॅड दोन्ही बाजू सारख्याच धरतं. विहिरींमधल्या फ्लोराइडसारखी एका बाजूला लांब शेपूट असलेली रीडिंग्ज असतील, तर ती शेपूट खरी असूनही मॅड तिला संशयित म्हणत राहील. अशा वेळी आधी लॉगॅरिदम घे, मग मोज.

हे सगळं काल शोधलेलं नाही. गाउसनं १८१६ मध्येच अंतरांच्या मध्यकाचा हा विचार मांडला होता. फ्रँक हॅम्पेलनं १९७४ मध्ये त्याला पुन्हा उजेडात आणलं आणि श्रेय गाउसला दिलं. मी हे शिकवते ते नवं आहे म्हणून नाही, तर बिघडलेल्या रीडिंग्जची वही तुझ्या हातात दर आठवड्याला येणार आहे म्हणून.

हे जर्नल मी स्वीकारत नाही. पान चार, पाच, सहा फाडायची नाहीत, त्यांच्यावर आडवी रेघ मारून सही कर, ती तिथेच राहतील. पुढच्या पानावर आठही रीडिंग्ज, ज्या क्रमानं दिली त्याच क्रमानं. त्याखाली मध्यक, न गुणलेलं मॅड, कोणत्या आकड्यानं गुणलंस तो, आणि गुणून आलेला पसारा. प्रत्येक रीडिंगपुढे त्याचा भागाकार. २८.९५ साठी वेगळी ओळ: संशयित, मूळ नोंद उपलब्ध नाही, गणनेत ठेवले आहे. ५.२८ साठी वेगळी ओळ, तीत ३.४५ आणि ३.०६ दोन्ही लिही, आणि आत ठेवण्याचं कारण तुझ्या शब्दांत. तीन-सिग्मा चाचणी आठ रीडिंग्जवर का चालत नाही, ते (n−१)/√n सह तीन ओळींत. सोमवारी अकराला घेऊन ये, आणि सातवं रीडिंग मी ३.४० ऐवजी ३४० केलं तर मॅड किती होईल, ते मला तोंडी सांगायची तयारी ठेव.